मुलाचं बचत खातं: सही कोणाची चालते आणि अठराव्या वाढदिवशी काय बदलतं

लहान मुलाच्या नावाने उघडलेलं बचत खातं पहिल्या दिवसापासून त्या मुलाचंच असतं. आई किंवा वडील पालक म्हणून सही करतात, पैसे भरतात, काढतात, पण खातेदार ते नसतात. घरात ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण पासबुक, चेकबुक, मोबाइलवर येणारे बँकेचे संदेश, सगळं वर्षानुवर्षं पालकाकडेच असतं. मग मूल अठरा वर्षांचं होतं आणि वडिलांनी सही केलेला चेक न वटता परत येतो. खात्यात पैसे असतात, सहीसुद्धा जुळते, फक्त त्या सहीचा अधिकार संपलेला असतो.

हे टाळायला फार काही करावं लागत नाही, पण कामं ठरावीक क्रमाने करावी लागतात. त्यासाठी आधी खातं कोण चालवतं ते नीट समजून घेऊ.

पालक म्हणून कोणाला सही करता येते

मूल कितीही लहान असलं तरी त्याच्या नावाने बचत खातं आणि मुदत ठेव उघडता येते. नैसर्गिक पालक किंवा कायदेशीर पालक ते उघडतो आणि चालवतो. हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं आणि त्यानंतर आईचं नाव येतं, त्यामुळे 'आईच्या सहीने खातं चालणार नाही' असं सांगणारे कर्मचारी आजही क्वचित भेटतात. त्यांचं म्हणणं चूक आहे. आईला पालक म्हणून मुलाचं खातं उघडू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना कळवलं होतं. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकातही ती मुभा कायम आहे. वडील हयात आहेत, बरोबर राहतात, तरीही आई एकटी पालक होऊ शकते.

आजी-आजोबा, काका, मामा यांना मात्र नात्यामुळे पालकत्व मिळत नाही. नातवाच्या खात्यात ते हवे तेवढे पैसे भरू शकतात, पण पालक म्हणून सही करायची तर न्यायालयाचा नेमणुकीचा आदेश लागतो. आईवडील विभक्त झाले असतील आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत शाखेत देऊन ठेवावी. पालक वारला, तर मृत्यूचा दाखला देऊन दुसऱ्या पालकाचं नाव लावून घेता येतं. खातं बंद करून नवं उघडायची गरज नसते.

एक मर्यादा सगळ्याच मुलांच्या खात्यांना असते. त्यात शिल्लक उणे जाऊ देत नाहीत, म्हणजे ओव्हरड्राफ्ट नाही. कारण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. ब्रिटिश काळात भारतातल्या खटल्यांचं शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही काउन्सिलने १९०३ साली हे ठरवलं आणि तेव्हापासून कायदा तोच आहे. अशा खातेदाराला दिलेलं कर्ज वसूल कसं करायचं, हा बँकेपुढचा प्रश्न असतो, म्हणून बँक ती वाटच ठेवत नाही.

दहा वर्षं पूर्ण झाल्यावर

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँक स्वतःच्या सहीने खातं उघडू आणि चालवू देऊ शकते. 'देऊ शकते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. किती रकमेपर्यंत, कोणत्या अटींवर, डेबिट कार्ड द्यायचं का, चेकबुक द्यायचं का, इंटरनेट बँकिंग सुरू करायचं का, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. स्टेट बँकेत 'पहला कदम' हे कोणत्याही वयाच्या मुलाचं पालकासह चालणारं खातं आहे, तर 'पहली उडान' हे दहा वर्षांवरच्या, एकसारखी सही करता येणाऱ्या मुलाने एकट्याने चालवायचं खातं. टपाल खात्याच्या बचत खात्यातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खातं उघडता येतं.

एकसारखी सही ही अट वाचायला किरकोळ वाटते, पण बारा वर्षांच्या मुलाची सही दर दोन महिन्यांनी बदलते. नमुना सहीच्या कार्डावर तीनदा सही करायची असते आणि अनेकदा तिसरी सही पहिलीशी जुळत नाही. घरी आठवडाभर एका कागदावर सराव करून मगच शाखेत न्यावं. सही मराठीत असो वा इंग्रजीत, पूर्ण नावाची साधी सही टिकते. वळणावळणाची सही मोठ्यांची पाहून उचललेली असते आणि सहा महिन्यांत विसरली जाते.

माझं मत विचाराल तर दहाव्या वर्षी लगेच खातं मुलाच्या हाती द्यायची घाई नको. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी, मर्यादा घातलेल्या कार्डासह, जरूर द्यावं. अठराव्या वर्षी जो बदल होतो तो अशा मुलांसाठी निम्म्याने सोपा असतो, कारण त्यांच्या बाबतीत पालकाची सही काढायची नसते, फक्त नमुना सही नव्याने द्यायची असते.

अठराव्या वाढदिवशी नेमकं काय होतं

भारतात सज्ञानतेचं वय १८ आहे. जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाची सुरुवात होताच व्यक्ती सज्ञान होते. त्यामुळे त्या सकाळी शाखा उघडेपर्यंत पालकाचा अधिकार संपलेला असतो.

बँकेने खातेदाराकडून खातं चालवण्याच्या नव्या सूचना आणि नवी नमुना सही घ्यावी, आणि खातं पालक चालवत असेल तर शिल्लक मुलाकडून मान्य करून घ्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. याबद्दल आधीच कळवावं, असंही बँकांना सांगितलेलं आहे. पण हा संदेश खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल वडिलांचा असतो. जाहिरातींच्या गर्दीत तो वाचलाच जात नाही. पुढे संगणक आपलं काम करतो. नोंदवलेल्या जन्मतारखेला खात्यातून पैसे काढणं थांबतं. जमा मात्र बहुधा होत राहते, त्यामुळे काही बिघडलंय हे पैसे काढायला गेल्यावरच कळतं.

'नोंदवलेल्या जन्मतारखेला' असं मी मुद्दाम लिहिलं. खातं उघडताना कोणी महिना आणि दिवस उलटे टाकले असतील तर खातं चुकीच्या दिवशी अडतं. म्हणून पहिलं काम म्हणजे शाखेत जाऊन ग्राहक नोंदीतली जन्मतारीख आणि नाव पाहून घेणं. नावाची गडबड तर आपल्याकडे ठरलेलीच: खात्यावर नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, दाखल्यावर आडनाव आधी.

एक उदाहरण, तारखांसह

समजा ईशाचा जन्म १४ ऑगस्ट २००८ चा. ती सात वर्षांची असताना वडिलांनी पालक म्हणून खातं उघडलं. खात्याला वडिलांचा मोबाइल जोडलेला आहे, त्याच बँकेत तिच्या नावाने २,००,००० रुपयांची मुदत ठेव आहे आणि खात्यातून दरमहा म्युच्युअल फंडाची एसआयपी जाते. ती १४ ऑगस्ट २०२६ रोजी सज्ञान होते. तो शुक्रवार आहे. शनिवारी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, मग रविवार. शुक्रवारी काम झालं नाही तर थेट सोमवारी, १७ तारखेला.

जूनमध्ये तिने आधारपासून सुरुवात करावी. पंधरा वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात आणि १५ ते १७ या वयात हे मोफत होतं. ते केलेलं नसेल तर बँकेत अंगठा लावून ओळख पटवताना अडचण येते. त्याच फेरीत तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक आधारला जोडून घ्यावा. आधारचा ओटीपी वडिलांच्या फोनवर जात असेल, तर पुढच्या प्रत्येक पायरीला वडील शेजारी लागतात.

त्यानंतर पॅन. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर मुलाचा फोटो आणि सही नसते. सज्ञान झाल्यावर फोटो आणि सहीसह नवं कार्ड मिळतं, पण क्रमांक तोच राहतो. अर्ज दुरुस्तीचा करायचा, नव्या पॅनचा नाही. इथे बरेच जण चुकतात आणि एका व्यक्तीचे दोन पॅन होतात. दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो. पॅन मुळात नसेलच तर नवा अर्ज वाढदिवसानंतर तिच्या स्वतःच्या सहीने करणं सोपं.

जुलैमध्ये शाखेतून अर्ज आणून ठेवावा. प्रत्येक बँकेत त्याचं नाव वेगळं असतं, म्हणून 'अज्ञान खातेदार सज्ञान झाल्याचा अर्ज' एवढं सांगितलं तरी पुरतं. त्यासोबत आधार, पॅन किंवा पॅन नसल्याचा जाहीरनामा, जन्मतारखेचा पुरावा आणि अलीकडचे फोटो लागतात. त्याच फेरीत खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागून घ्यावा. ईशाला शिल्लक मान्य असल्याची सही करायची आहे. अकरा वर्षांत काय आलं, काय गेलं हे न पाहता ती सही करू नये, आणि वडिलांनीही तो उतारा तिच्यापुढे आपणहून ठेवावा. खात्यातून मोठी रक्कम निघाली असेल तर ती कशासाठी, हे त्याच वेळी बोलून घेतलेलं बरं. पालकाने हे पैसे मुलाच्या भल्यासाठीच वापरायचे असतात, आणि सज्ञान झालेलं मूल हिशेब मागू शकतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वडिलांच्या सहीचे जे चेक बाहेर असतील ते वटले का पाहावं. कॉलेजच्या शुल्कासाठी २० ऑगस्टचा पुढच्या तारखेचा चेक दिला असेल तर तो परत घ्यावा. शुल्क वाढदिवसाआधी भरून टाकावं किंवा वडिलांच्या स्वतःच्या खात्यातून भरावं.

१४ तारखेला सकाळी ईशाने मूळ कागदपत्रांसह शाखेत जावं. अर्ज, नमुना सही, शिल्लक मान्यतेची सही, नवा मोबाइल क्रमांक आणि नामनिर्देशन, ही पाचही कामं एकाच फेरीत होतात. नामनिर्देशन विसरू नये. आधीचं वडिलांनी तिच्या वतीने केलेलं असेल. आता कोणाचं नाव द्यायचं हे तिने ठरवायचं. अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह घ्यावी.

काउंटरवर तिला हमखास विचारलं जाईल: 'बाबांचं नाव संयुक्त खातेदार म्हणून ठेवायचं का?' सवयीने हो म्हणू नये. पालक म्हणून नाव असणं आणि संयुक्त खातेदार असणं यांत मोठा फरक आहे. संयुक्त खात्यात 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना असेल तर वडील तिला न विचारता पूर्ण रक्कम काढू शकतात. तिला हवं असेल तर जरूर ठेवावं, पण विचार करून.

दुसरा प्रश्न ती विचारत नाही आणि तिने विचारायला हवा: खातं आता कोणत्या प्रकारात जाणार? मुलांच्या खात्याला किमान शिल्लक लागत नसेल, पण तेच खातं साध्या बचत खात्यात गेलं की काही बँका सरासरी शिल्लक मागतात आणि ती नसेल तर शुल्क कापतात. शिकणाऱ्या मुलीला विद्यार्थी खातं किंवा शून्य शिल्लक चालणारं मूलभूत बचत खातं मागता येतं. मूलभूत खातं घेतलं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

काही दिवसांनी बदल झाला का हे पाहायची सोपी खूण: थोडी रक्कम तिच्या सहीच्या स्लिपने काढून पाहावी आणि संदेश तिच्या फोनवर येतो का ते बघावं. दोन्ही झालं की मगच नवं कार्ड, यूपीआय आणि इंटरनेट बँकिंग सुरू करावं. उलट क्रमाने गेलं तर यूपीआय जुन्या क्रमांकाशी अडकतं.

मुदत ठेव आणि कर

ठेव मोडायची गरज नाही. मोडली तर व्याज कमी मिळतं, शिवाय उपयोग काहीच होत नाही. ठेवीच्या नोंदीतून पालकाचं नाव काढून टाकायला सांगावं आणि मुदत संपल्यावरची रक्कम कुठे जमा करायची ते नव्याने लिहून द्यावं. बचत खात्याचा अर्ज दिला म्हणजे ठेव आपोआप बदलेल असं धरून चालू नये. मुदत संपून ठेव तशीच पडून राहिली तर तिला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी तो मिळतो.

कराचा हिशेब वाढदिवशी दोन तुकड्यांत पडतो. अज्ञान मुलाचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सज्ञान झाल्यावरचं व्याज मुलाचं स्वतःचं. ईशाच्या ठेवीवर ७ टक्के दराने वर्षाला १४,००० रुपये साधं व्याज मिळतं असं धरू. १ एप्रिल ते १३ ऑगस्ट हे १३५ दिवस होतात. त्यांचं व्याज साधारण ५,१७८ रुपये, ते वडिलांच्या उत्पन्नात. उरलेले ८,८२२ रुपये ईशाचे. वडील जुन्या करप्रणालीत असतील तर मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळून ३,६७८ रुपये मोजले जातील. नव्या प्रणालीत ही सूट नाही. ईशाने शिकवणी घेऊन किंवा चित्रं विकून स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेले पैसे असतील, तर ते अठराच्या आधीही तिच्याच नावावर मोजले जातात.

खात्याला जोडलेल्या बाकीच्या गोष्टी

एसआयपी वाढदिवशी थांबते, कारण ती पालकाच्या सहीने सुरू झालेली असते. फंडाकडे सज्ञान झाल्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि त्यावर ईशाची सही बँकेने प्रमाणित करून द्यायची असते. म्हणून क्रम असा: आधी बँक, मग फंड. बँकेत नवी सही नोंदली गेल्याशिवाय व्यवस्थापक ती प्रमाणित करू शकत नाही.

शिष्यवृत्ती येत असेल तर आणखी एक पाहणी करावी. सरकारी शिष्यवृत्ती बऱ्याचदा आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि एका वेळी एकच खातं तसं जोडलेलं असतं. कोणतं, ते आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीच्या स्थितीत दिसतं. तिथे लहानपणीचं वेगळंच खातं दिसलं तर चालू खात्याच्या बँकेत अर्ज देऊन जोडणी बदलून घ्यावी.

जिथे पालकत्व पुढेही लागतं

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आईवडील समजून चालतात की खातं पुढेही आपणच चालवणार. कायद्याने त्यांचाही नैसर्गिक पालकाचा अधिकार अठराव्या वर्षी संपतो. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीत जिल्हाधिकारी असतात. तिथलं प्रमाणपत्र बँका मान्य करतात. त्याला वेळ लागतो, म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि बाकी कागद सतराव्या वर्षीच तयार ठेवावेत. मधल्या काळातल्या औषधोपचारांचा खर्च मुलाच्या खात्यावर अवलंबून ठेवू नये.

खातं आधीच अडकलं असेल तर

वाढदिवस उलटून वर्ष झालं असलं तरी पैसे कुठे जात नाहीत, व्याजही मिळत राहतं. तोच अर्ज, तीच कागदपत्रं, फक्त खातेदाराने स्वतः जायचं. पालकाने जाऊन उपयोग नाही, पत्र देऊनही नाही. दोन वर्षं खातेदाराकडून कोणताच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं आणि केवायसी पुन्हा करावी लागते. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंड बँकेला लावता येत नाही. लावलेला दिसला तर परत मागावा. दहा वर्षं उलटली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, तेव्हाही खातेदार आपल्या बँकेकडूनच ती परत मागू शकतो.

शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात असलेल्या मुलाने घराजवळच्या शाखेतच जायला हवं असं नाही. केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत करता येते. शाखा दाद देत नसेल तर तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि बँकेच्या तक्रार विभागाकडे पाठवावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. ती खातेदाराच्या नावाने करावी, पालकाच्या नाही.